प्रोबेशनवर आहात म्हणून उद्यापासून येऊ नका म्हणता येतं का?

थोडक्यात सांगायचं तर बऱ्याचदा येतं. पण प्रत्येक वेळी नाही, आणि कुठलंही कारण मनात ठेवून तर नाहीच. नेमणूक पत्रातल्या प्रोबेशनच्या कलमावर सही केली की सगळे हक्क गेले, असं कामगार धरून चालतो. तेच कलम दाखवलं की आपल्याला कुणी जाब विचारू शकत नाही, असं कंपनीचा एचआर धरून चालतो. दोघांचाही अर्धा अर्धा घोटाळा आहे.

कलम साधारण असं असतं: 'आपण सहा महिने प्रोबेशनवर राहाल. व्यवस्थापनास योग्य वाटल्यास हा कालावधी आणखी सहा महिने वाढवता येईल. प्रोबेशनच्या काळात कोणतीही पूर्वसूचना अथवा कारण न देता आपली सेवा समाप्त करता येईल.' कुपवाड असो की साताऱ्याची एमआयडीसी, शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर हाच. अशा कलमाला कायद्यात जागा आहे. प्रोबेशन म्हणजे माणूस पारखून घेण्याचा काळ. तो कामाला पसंत पडला नाही तर मालकाला त्याला सोडता यायला हवं, हे न्यायालयं पूर्वीपासून मानत आली आहेत. 'काम समाधानकारक नाही' एवढं म्हणून सोडलं, किंवा काहीच न लिहिता सोडलं, तरी केवळ तेवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. एक वर्षाची सलग सेवा झालेली नसेल तर कामगार कपातीच्या कायद्यातली एक महिन्याची नोटीसही मागता येत नाही. मालकाची ही बाजू आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं ऐकून भलतीच आशा लागेल.

आता एक उदाहरण घेऊन बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला एकही प्रकार नवलाचा नाही.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिप्लोमा झालेला एक मुलगा 1 जुलै 2025 ला क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागला. पगार 19,500. नेमणूक पत्रात वर दिलेलं कलम, सातव्या क्रमांकाला. 31 डिसेंबरला सहा महिने संपले. कायम केल्याचं पत्र आलं नाही, प्रोबेशन वाढवल्याचंही आलं नाही, आणि तो कामावर जात राहिला. जानेवारीच्या मध्याला गिऱ्हाईक कंपनीकडून कास्टिंगचा एक लॉट परत आला. सुपरवायझरने त्याला केबिनमध्ये बोलावून 'काय झालं ते लिहून दे' म्हटलं, त्याने लिहून दिलं. त्याच्या माघारी आणखी दोघांचे जबाब घेतले. 19 तारखेला त्याच्या हातात एक पत्र पडलं: इन्स्पेक्शन रजिस्टरमध्ये मोजमापं न घेता आकडे भरल्याचं चौकशीत आढळलं आहे. 20 जानेवारीला दुसरं पत्र आलं. ते अगदी साधं होतं: 'आमच्या 19 जानेवारीच्या पत्रास अनुसरून, नेमणूक पत्रातील कलम 7 नुसार आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.' दुसऱ्या दिवशी गेटवर पंचिंग बंद.

हा मुलगा प्रोबेशनवर होता की नव्हता, इथूनच सुरुवात करावी लागते. सहा महिने उलटले आणि आपल्याला कुणी काढलं नाही म्हणजे आपण आपोआप परमनंट झालो, असं अनेकजण मानतात. तसं होत नाही. एक्सप्रेस न्यूजपेपर्सच्या 1964 सालच्या निकालपत्रिकांत छापलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा महिन्यांनंतर माणसाला कायमही केलं नाही आणि काढलंही नाही, तर तो प्रोबेशनवरच राहतो. म्हणजे कुपवाडच्या मुलाला '1 जानेवारीपासून मी कायम' असं फक्त तारखेच्या जोरावर म्हणता येणार नाही.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि ती कामगाराच्या बाजूची आहे. नेमणूक नुसती 'सहा महिने प्रोबेशन' एवढीच असेल, तर ते सहा महिने पुरे होण्याआधी मनाला येईल तेव्हा काढण्याचा हक्क मालकाला त्यातून मिळत नाही. गैरवर्तन किंवा तसं पुरेसं कारण लागतं, म्हणजे ज्या कारणाने कायम माणसालाही काढता आलं असतं असं. मधेच काढायचं असेल तर तशी तरतूद पत्रात लिहिलेली हवी. म्हणून 'प्रोबेशनवर आहेस' हे तोंडी ऐकून गप्प बसू नका. पत्र काढा आणि 'प्रोबेशनच्या काळात केव्हाही' किंवा 'पूर्वसूचना न देता' असे शब्द खरोखर आहेत का ते बघा. कित्येक पत्रांत सात किंवा पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि ती एचआरच्याही लक्षात नसते. नोटीस लिहिलेली असेल तर ती द्यावी लागते, किंवा तेवढ्या दिवसांचा पगार.

आणखी एक कागद बघण्यासारखा असतो, तो म्हणजे स्थायी आदेश, कारखान्यातले लोक ज्याला स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतात तो. मोठ्या कारखान्यात ते मंजूर करून घेतलेले असतात आणि त्यांना कायद्याचं बळ असतं. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या 1973 च्या खटल्यात नेमका हा पेच होता. स्थायी आदेशांत प्रोबेशन दोन महिन्यांचं, आणि कंपनीने नेमणूक पत्रात सहा महिने लिहून घेतलेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थायी आदेशांच्या विरोधात जाणारी अट कामगाराने सही केली तरी चालत नाही. दोन महिने संपल्यावर प्रोबेशन संपलं, आणि त्यानंतरचं काढणं प्रोबेशनचं कलम दाखवून झाकता येत नाही. आपल्याकडच्या फाउंड्र्या, मशीन शॉप, दुधाचे प्लांट यांतले बरेच छोटे आहेत, तिथे मंजूर स्थायी आदेश नसतीलही. पण ज्या कारखान्यात आहेत तिथे नोटीस बोर्डावरचा तो धूळ बसलेला कागद नेमणूक पत्राआधी वाचावा, असं माझं मत आहे. आपल्या उदाहरणातल्या फाउंड्रीला स्थायी आदेश नाहीत असं धरून पुढे जाऊ.

मग मुलगा प्रोबेशनवरच आहे आणि कलमही स्पष्ट आहे. तरीही त्याची बाजू पडलेली नाही, आणि ती कशामुळे टिकते हे समजून घेण्यात या विषयाचा खरा गाभा आहे.

न्यायालयं कागदावर काय लिहिलंय एवढंच बघत नाहीत, माणसाला काढलं ते कशाच्या आधारावर, हे बघतात. 'तू आमच्या कामाचा नाहीस' म्हणून सोडणं वेगळं आणि 'तू गुन्हा केलास' असं ठरवून शिक्षा म्हणून काढणं वेगळं. पहिलं प्रोबेशनच्या कलमात बसतं. दुसरं बसत नाही. शिक्षा द्यायची तर आरोप लेखी द्यावे लागतात, माणसाला बाजू मांडू द्यावी लागते, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात. पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या 1957 च्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे. तो खटला रेल्वेतल्या सरकारी नोकरीचा होता, पण खासगी कारखान्यातला कामगार काढल्याचा वाद जेव्हा कामगार न्यायालयात जातो तेव्हाही हाच प्रश्न विचारला जातो: पत्राचे शब्द बाजूला ठेवले तर ही शिक्षा आहे का?

सगळ्यात उपयोगी कसोटी 1999 च्या दीप्तिप्रकाश बॅनर्जी खटल्यात मिळते. तक्रारी आल्या, मालकाने त्यांची शहानिशा करत बसण्यापेक्षा 'नकोच ही भानगड' म्हणून प्रोबेशनवरच्या माणसाला सोडलं, आणि कुणालाही दोषी ठरवलं नाही, तर ते चालतं. तक्रारी हे फक्त निमित्त होतं. पण माणसाच्या पाठीमागे चौकशी केली, तो दोषी आहे असा निष्कर्ष काढला आणि मग साधं पत्र देऊन घरी पाठवलं, तर तो निष्कर्षच त्या पत्राचा पाया ठरतो. असं पत्र टिकत नाही. गंमत अशी की मालकाने अर्धवट खोलात जाणं त्याच्याच अंगावर येतं. काहीच चौकशी न करता सोडलं असतं तर तो सुरक्षित होता, पूर्ण रीतसर चौकशी केली असती तरीही होता. मधेच माघारी जबाब घेऊन ठपका ठेवला की अडकला.

याच निकालात दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. सेवा संपवणाऱ्या पत्रात एकही वावगा शब्द नसला, पण त्यात दुसऱ्या पत्राचा संदर्भ असला आणि त्या दुसऱ्या पत्रात ठपका असला, तरी तो ठपका धरला जातो. कारण हा माणूस उद्या दुसरीकडे नोकरी मागायला जाईल तेव्हा नवा मालक ते संदर्भाचं पत्रही मागेल.

आता कुपवाडच्या मुलाची दोन पत्रं शेजारी ठेवा. 20 तारखेचं पत्र निर्मळ आहे. पण त्यात 'आमच्या 19 जानेवारीच्या पत्रास अनुसरून' असे शब्द आहेत, आणि 19 च्या पत्रात 'मोजमापं न घेता आकडे भरल्याचं चौकशीत आढळलं' असं लिहिलं आहे. जबाब त्याच्या माघारी घेतले. आरोपपत्र दिलं नाही. त्याने रजिस्टर मागितलं असतं तर कदाचित त्या दिवशीचं मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला गेल्याची नोंद त्यात सापडली असती, पण विचारायची संधीच मिळाली नाही. ही शिक्षा आहे आणि ती चौकशीशिवाय दिली आहे, असं म्हणायला त्याच्याकडे भक्कम कागद आहे. तोही कंपनीनेच दिलेला.

याउलट कंपनीने 19 चं पत्र दिलंच नसतं आणि 20 ला फक्त 'आपलं काम अपेक्षेप्रमाणे नसल्याने कलम 7 नुसार सेवा समाप्त' एवढं लिहिलं असतं, तर? मग मुलाची बाजू बरीच लंगडी झाली असती. 'काम अपेक्षेप्रमाणे नाही' हा ठपका धरला जात नाही, प्रोबेशनचा हेतूच तो आहे. लॉट परत आला हे त्यामागचं निमित्त होतं, एवढंच न्यायालय म्हणेल. तरीही न्यायालय कागदाच्या मागे जाऊन बघू शकतं. 1984 च्या अनुप जैसवाल खटल्यात पोलीस अकादमीतल्या प्रोबेशनवरच्या आयपीएस अधिकाऱ्याला साध्या शब्दांच्या आदेशाने काढलं होतं. खरं कारण सकाळच्या सरावाला झालेल्या उशिराचं होतं आणि त्याला त्यातला म्होरक्या धरलं होतं. आदेशाचा पडदा बाजूला करून न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं. पण अशा वेळी पुरावा तुम्हाला जमवावा लागतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, मेल, हजेरीची नोंद, आधीच्या कामाची शाबासकी, काहीही पुसू नका.

आता 240 दिवसांचं बघू, कारण हा आकडा आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा धरतात, आणि पगारी सुट्ट्या व रविवारही त्यात मोजले जातात. इतकी सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिचा पगार आणि दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. कुपवाडच्या मुलाचे 1 जुलै ते 20 जानेवारी धरून 204 दिवस होतात, तेव्हा त्याला हे लागूच नाही. ज्याचे 240 भरले आहेत त्यानेही लगेच हुरळून जाऊ नये. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली आणि करारातल्या अटीनुसार करार संपवला तर ती कपात धरायची नाही असं ठरलं. एलआयसीच्या वेणुगोपाल खटल्यात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेशनवर काढलेल्या माणसाला हेच लावलं. त्यामुळे फक्त दिवस मोजून भागत नाही, कलम काय म्हणतं आणि प्रोबेशन चालू होतं का, यावर सगळं येतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, म्हणून त्यानंतर काढलेल्यांनी कपातीची व्याख्या संहितेतूनच वाचून घ्यावी. जुन्या पुस्तकातली पानं दाखवणाऱ्या सल्लागाराला तेवढं आवर्जून विचारा.

हे सगळं 'कामगार' असलेल्या माणसाला. हुद्द्याचं नाव 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'इंजिनिअर' असलं तरी फरक पडत नाही, तुम्ही रोज प्रत्यक्ष काय करता हे बघतात. हाताचं, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार धरला जातो. व्यवस्थापनाचं काम करणारा नाही, आणि नव्या संहितेप्रमाणे देखरेखीचं काम करून महिना 18,000 पेक्षा जास्त पगार घेणाराही नाही. आपला मुलगा माप घेऊन नोंद करतो, कुणाला रजा मंजूर करत नाही, त्यामुळे 19,500 पगार असूनही तो कामगारच. पण त्याच फाउंड्रीतल्या प्रॉडक्शन मॅनेजरला प्रोबेशनवर काढलं तर त्याची गत वेगळी. त्याला दिवाणी न्यायालयात करारावर बोलावं लागतं, आणि खासगी नोकरी परत द्या असा हुकूम दिवाणी न्यायालय सहसा देत नाही. फार तर नोटीसीचा पगार मिळेल. कलमात नोटीसच नसेल तर तोही नाही.

शाळांचं मात्र वेगळं आहे, आणि सातारा-सांगलीत शिक्षण संस्था गावोगाव आहेत म्हणून ते सांगायला हवं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी राज्याचा 1977 चा स्वतंत्र कायदा आहे. कायम जागेवर रीतसर नेमलेल्याचं प्रोबेशन दोन वर्षांचं, शिक्षणसेवकाचं तीन वर्षांचं. दोन वर्षं संपली की तो कायम झाल्याचं कायदाच धरतो. त्याआधी काम समाधानकारक नसेल तर संस्था काढू शकते, पण एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊनच. नेमणूक पत्रात संस्थेने काहीही लिहून घेतलं तरी हे टळत नाही. शिवाय काम समाधानकारक नाही हे वर्षभरातल्या गोपनीय अहवालांवरून दिसायला हवं, शेवटच्या आठवड्यात ठरवून चालत नाही. काढल्याच्या आदेशाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करायचं असतं. 'सर, मे महिन्यात बघू' म्हणत ही मुदत घालवणारे शिक्षक कमी नाहीत.

काही कारणांनी मात्र कुणालाच काढता येत नाही, कलम कसंही असो. बाईला बाळंतपणाच्या रजेच्या काळात किंवा गरोदर आहे म्हणून काढणं बेकायदा आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की प्रसूती लाभ मिळतो, त्यासाठी परमनंट असावं लागत नाही. एलआयसीत प्रोबेशनवर असलेल्या नीरा माथुर यांना बाळंतपणाच्या रजेनंतर काढलं गेलं. पत्रात कारण नव्हतं, पण नेमणुकीच्या वेळच्या फॉर्ममध्ये पाळी आणि गरोदरपणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं खोटी दिली, असं कारण पुढे आलं. ते प्रश्नच बाईच्या लाजेला धक्का लावणारे आहेत असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. तसंच ईएसआयखाली आजारपणाचा लाभ चालू असताना, किंवा कामावर झालेल्या इजेमुळे माणूस तात्पुरता घरी असताना त्याला काढता येत नाही. ग्राइंडिंगवर बोट गेलं आणि पट्टी सुटायच्या आत 'प्रोबेशन संपवलं' असं पत्र आलं, तर ते थेट या बंदीत येतं. युनियनमध्ये नाव घातलं म्हणून काढणंही असंच.

काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय होतं यावर पुढचं बरंच ठरतं. एचआर साधारण असं म्हणतो: 'काढल्याचं पत्र दिलं तर तुझंच रेकॉर्ड खराब होईल. तू राजीनामा लिहून दे, मी अनुभवाचा दाखला चांगला देतो.' राजीनामा दिला की आपण वर बघितलेलं सगळं हातातून जातं, कारण मग तुम्हाला कुणी काढलेलंच नसतं. तो दबावाखाली घेतला हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं. बोलता येत नसेल तर 'विचार करून उद्या सांगतो' म्हणून बाहेर पडा. पत्र दिलं नाही आणि नुसतं गेटवर अडवलं, तर त्याच दिवशी कंपनीला मेल करा आणि स्पीड पोस्टानेही कळवा: मी आज कामावर आलो, मला आत घेतलं नाही, मी कामाला तयार आहे, काढलं असल्यास लेखी द्यावं. हे नसेल तर महिन्याने कंपनी सांगते की हा स्वतःच यायचा बंद झाला.

हिशेबाचे पैसे वादाची वाट बघत नाहीत. काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावा लागतो. 20 जानेवारी 2026 ला मंगळवार होता, म्हणजे मुलाचा वीस दिवसांचा पगार, 19,500 च्या हिशेबाने सुमारे 12,580 रुपये, गुरुवारपर्यंत मिळायला हवा. ओव्हरटाइम आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. ते घेताना 'आता माझी काहीही तक्रार नाही' अशा छापील कागदावर सही मागतात. तिथे 'हक्क राखून' असं हाताने लिहून मग सही करा, आणि त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

त्यानंतर अर्ज कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे. तिथे 45 दिवसांत मिटलं नाही तर काढलेल्या कामगाराला स्वतःच पुढे न्यायाधिकरणात जाता येतं, त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली 'हक्काचा बनाव करून, सद्भाव नसताना काढलं' अशी तक्रार करायची असेल तर मुदत फक्त 90 दिवसांची. म्हणून वकिलाला भेटायचं ते त्या तीन महिन्यांतच. जिंकल्यावर नोकरीच परत मिळेल असं मात्र धरू नका. इतक्या कमी सेवेच्या माणसाला न्यायालयं पुष्कळदा परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देतात. कुपवाडच्या मुलाला खरं तर त्याहून जास्त गरज आहे ती 19 तारखेचं ते पत्र मागे घेतलं जाण्याची. समेटाच्या टेबलावर कंपनीही त्याला बऱ्याचदा तयार होते, कारण 'चौकशीत आढळलं' म्हटल्यावर ती चौकशी दाखवा असा पुढचा प्रश्न येतो, आणि फायलीत त्याची दोन जबाबांपलीकडे पानं नसतात.